हॉवित्झर, मॉर्टर आणि फील्ड गन: डोंगरामागचं टार्गेट कुणाच्या हाताला लागतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तिन्ही तोफाच ना? मग नेमका फरक कशात आहे?

गोळ्याच्या वाटेत. तोफेचा आकार, वजन, नळीची लांबी हे सगळं त्या वाटेमुळे ठरतं, म्हणून आधी वाट बघायची आणि मग तोफ.

फील्ड गनची नळी लांब असते, गोळा खूप वेगात सुटतो आणि जमिनीला धरून जवळजवळ सपाट जातो. मॉर्टर म्हणजे आपली जुनी उखळी तोफ, नळी आखूड, तोंड आभाळाकडे, गोळा सावकाश वर चढतो आणि जवळपास डोक्यावरून सरळ खाली येतो. हॉवित्झर या दोघींच्या मधली, तिची नळी मध्यम असते आणि तिची खरी ताकद ही की ती दोन्ही प्रकारे मारू शकते, हवी तर सपाट, हवी तर उंच.

बहुतेक लोक पल्ला विचारतात, कोणती किती लांब मारते. मला स्वतःला वाटतं की त्याआधी विचारायला हवं की गोळा खाली कोणत्या कोनात येतो, कारण भूभाग बदलला की निकाल त्या कोनावर लागतो. टार्गेट पल्ल्यात असूनही गोळा तिथे पोचत नाही असं डोंगरात सारखं होतं.

एकाच जागी दोन वेगळ्या कोनांतून गोळा पडतो म्हणतात, ते कसं काय?

पाण्याचा पाइप हातात धरून बघा. पाइप थोडा तिरका धरला की धार समोरच्या कुंडीत पडते, आता पाइप हळूहळू वर करत न्या, धार कुंडीच्या पुढे जाईल, साधारण ४५ अंशांवर सगळ्यात लांब जाईल, आणि त्याहून वर केला की परत मागे मागे यायला लागेल आणि एका कोनाला पुन्हा त्याच कुंडीत पडेल. पाण्याचा जोर तोच, कुंडी तीच, पण पहिल्या वेळी पाणी तिरकं आत घुसलं आणि दुसऱ्या वेळी वरून पडलं.

तोफेचंही हेच. ४५ च्या खालच्या माऱ्याला लो अँगल म्हणतात, वरच्याला हाय अँगल. फील्ड गन फक्त लो अँगलवाली, मॉर्टर फक्त हाय अँगलवाली, हॉवित्झरला दोन्ही जमतं.

डोंगरामागच्या टार्गेटचा हिशोब आकड्यांत दाखवाल का?

हो, आणि या पानावर एकच उत्तर नीट वाचणार असाल तर हे वाचा.

समजा टार्गेट तोफेपासून ६,००० मीटरवर आहे, तोफेच्याच पातळीत. मध्ये एक डोंगराची धार आहे, तोफेपासून ५,५०० मीटरवर, उंची ३०० मीटर. म्हणजे टार्गेट धारेच्या मागे ५०० मीटरवर खाली बसलंय. धारेच्या माथ्यापासून टार्गेटपर्यंतचा उतार काढला तर साधारण ३१ अंश येतो. गोळा याच्यापेक्षा सपाट येत असेल तर तो एकतर डोंगराच्या अलीकडच्या अंगावर आदळणार, नाहीतर माथा ओलांडून टार्गेटच्या डोक्यावरून पुढे निघून जाणार. उतारामागच्या अशा जागेला तोफखान्यात डेड ग्राउंड म्हणतात.

हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवू, म्हणजे वहीत हिशोब करता येतो. धारेवरून जाताना गोळा किती उंच असेल हे या सूत्रानं मिळतं:

```
y = x · tan θ · (1 − x / R)
```

इथे R म्हणजे टार्गेटचं अंतर ६,०००, x म्हणजे धारेचं अंतर ५,५०० आणि θ म्हणजे नळीचा कोन.

आता फील्ड गन घ्या, गोळ्याचा वेग ५०० मीटर प्रति सेकंद. ६,००० मीटरवर टाकायला नळी जेमतेम ६.८ अंश उचलावी लागते. गोळा १२ सेकंदांत पोचला असता, पण धारेपाशी त्याची उंची येते साधारण ५५ मीटर. धार ३०० ची. म्हणजे गोळा डोंगराच्या पायथ्याच्या जरा वर अलीकडच्या बाजूला आपटला, टार्गेटला आवाज ऐकू आला एवढंच.

मग हॉवित्झर. तिच्यात दारू कमी भरून वेग ३०० वर आणला. आता त्याच अंतरासाठी लो अँगल येतो २०.४ अंश, म्हणजे कमान तिप्पट उभी झाली, पण धारेपाशी उंची १७० मीटरच. अजूनही डोंगरच मध्ये. मग तोच वेग ठेवून नळी वरच्या बाजूला नेली, ६९.६ अंशांवर. आता गोळा ४,००० मीटर वर चढतो, धारेवरून जाताना १,२०० मीटरहून जास्त उंचीवर असतो, आणि ५७ सेकंदांनी ७० अंशांच्या आसपास खाली येतो. टार्गेट उघडं पडलं.

मॉर्टरला ६,००० मीटर झेपत नाही, निदान ८१ मिमी तोंडाच्या नेहमीच्या मॉर्टरला नाही, म्हणून तिला पुढे आणावं लागतं. टार्गेटपासून २,००० मीटरवर ठेवली तर धार तिच्यापासून १,५०० वर येते. वेग २०० धरला तर नळी ७५ अंशांवर, धारेपाशी बॉम्ब १,४०० मीटरच्या वर, ३९ सेकंदांत खाली. डोंगर जणू नाहीच.

खऱ्या हवेत हे आकडे हलतात. हवा वेग खाते म्हणून गोळा ज्या कोनात सुटला त्यापेक्षा जास्त उभा खाली येतो, आणि तोफखाना हा हिशोब फायरिंग टेबल नावाच्या तयार कोष्टकावरून किंवा कॉम्प्युटरवर करतो. पण तिघींमधला क्रम तोच राहतो.

आणखी एक गोष्ट बघा. तीच धार ३०० ऐवजी १५० मीटर असती तर हॉवित्झरचा कमी दारूचा लो अँगल मारा २० मीटरनी वरून गेला असता. कागदावर ठीक. पण प्रत्येक गोळा थोडा वरखाली जातोच, आणि माथ्यावर आपलीच माणसं बसलेली असतील तर २० मीटरच्या भरवशावर कुणी शहाणा माणूस फायर करणार नाही.

मग फील्ड गनची नळीच जास्त उचलायची ना, एवढं काय त्यात?

सगळ्यांना हेच सुचतं, आणि उचलता आली असती तर प्रश्नच नव्हता. अडचणी दोन आहेत.

पहिली, तोफ ज्यावर बसते त्या गाड्याची. गोळा सुटला की नळी जोरात मागे येते. नळी आडवी असेल तर मागे मोकळी जागा असते, उभी केली की ती थेट जमिनीकडे झेपावते. शिवाय जुन्या तोफांच्या गाड्याला मागे मधोमध एकच दांडा असायचा, नळीचं मागचं टोक त्यालाच अडायचं. फ्रान्सची १८९७ ची ७५ मिमी तोफ ही फील्ड गनचा नमुनाच म्हणा, मिनिटाला १५ गोळे टाकायची, तिच्या काळात तिच्या तोडीची दुसरी नव्हती, पण नळी फक्त १८ अंशांपर्यंत उचलली जायची. जास्त हवं असेल तर मागचा दांडा खड्डा खणून खाली घालायचा.

दुसरी अडचण दारूची. त्या तोफेचा गोळा आणि पितळी काडतूस एकमेकांत घट्ट बसवलेले असायचे, रायफलच्या गोळीसारखे. त्यामुळेच ती एवढी फास्ट होती, एकच वस्तू उचलायची आणि आत ढकलायची. पण दारू कमी करायची सोय नाही, म्हणजे वेग कायम आणि कमान कायम सपाट.

पहिल्या महायुद्धात फ्रेंचांना याचा फार त्रास झाला. जर्मन डिव्हिजनकडे १९१४ मध्ये ७७ मिमी फील्ड गनच्या जोडीला १०५ मिमीच्या १८ हॉवित्झर होत्या, फ्रेंच डिव्हिजन जवळजवळ पूर्ण ७५ वर अवलंबून. मोकळ्या माळावर समोरून येणाऱ्या फौजेवर ७५ नं कहर केला, पण टेकडीमागे आणि खोल खंदकात बसलेल्या माणसापर्यंत तिचा गोळा पोचत नव्हता. तेव्हा फ्रेंचांनी एक उपाय काढला जो मला आजही फार आवडतो: गोळ्याच्या नाकावर एक पातळ धातूची चकती बसवायची, तिला मालाँद्रँ चकती म्हणत. चकतीमुळे हवेचा अडथळा वाढतो, गोळ्याचा वेग लवकर मरतो आणि शेवटी तो जास्त उभा खाली येतो. पल्ला गेला, नेम थोडा गेला, पण मागच्या उतारावर गोळा पडायला लागला. हॉवित्झर जे काम दारू कमी करून करते ते यांनी गोळ्याला ब्रेक लावून केलं.

हॉवित्झरमध्ये दारू कमी-जास्त करतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

अमेरिकेची दुसऱ्या महायुद्धातली १०५ मिमी हॉवित्झर घ्या. तिचा गोळा काडतुसात सैल बसतो. आत दारूच्या सात छोट्या पिशव्या, नंबर घातलेल्या, दोऱ्यानं एकापुढे एक बांधलेल्या. हुकूम आला 'चार्ज ५', की तोफची गोळा काडतुसातून उपसून काढतो, पिशव्यांची माळ बाहेर ओढतो, सहा आणि सात नंबरच्या पिशव्या तोडून बाजूला टाकतो, उरलेली माळ आत घालून गोळा परत बसवतो. एवढंच. पण त्यामुळे एकाच तोफेचा वेग साधारण २०० पासून ४७० मीटर प्रति सेकंदापर्यंत हवा तसा ठेवता येतो, आणि नळी ६६ अंशांपर्यंत उचलता येते. वेगांचे सात पर्याय आणि प्रत्येक वेगाला दोन कमानी, म्हणजे डोंगर कसाही असला तरी त्यातली एखादी कमान बसतेच.

चूक कुठे होते तर मोजण्यात. एक पिशवी चुकून जास्त राहिली तर गोळा शेकडो मीटर पुढे जातो, म्हणून बाहेर काढलेल्या पिशव्या लगेच फेकत नाहीत, समोर मांडून ठेवतात, दुसरा माणूस मोजतो आणि मगच फायर.

आजच्या १५५ मिमी तोफांत काडतूसच नसतं, दारूचे ठोकळे असतात, पाहिजे तेवढे मागून सरकवायचे. तत्त्व तेच.

मॉर्टर एवढी हलकी कशी काय? तीन माणसं खांद्यावर नेतात ती तोफ कशी म्हणायची?

कारण मॉर्टरचा धक्का जमीन घेते. नळी इतकी उभी असते की फायर झाल्यावर सगळा दणका खाली बेसप्लेटमध्ये आणि तिथून मातीत जातो. मग मागे सरकणारी नळी नको, धक्का झेलणारी ऑइल आणि स्प्रिंगची यंत्रणा नको, जड गाडा नको. ब्रिटिश इंजिनिअर विल्फ्रेड स्टोक्सनं १९१५ मध्ये केलेली मॉर्टर म्हणजे एक गुळगुळीत नळी, खाली प्लेट, पुढे दोन पाय. आजही रचना तीच. बॉम्ब तोंडातून आत सोडायचा, तो घसरत तळाशी जातो, खिळ्यावर आपटतो आणि बाहेर पडतो. ८१ मिमी मॉर्टरचं वजन ४० किलोच्या आसपास असतं आणि बॉम्ब चारेक किलोचा. १५५ मिमीचा एक गोळाच ४३ किलोच्या वर जातो, त्यावरून अंदाज येईल.

पण जमीन धक्का घेते म्हटल्यावर जमीन कशी आहे यावर सगळं आलं. चांगल्या घट्ट मातीत पहिले दोन-तीन बॉम्ब फक्त प्लेट रुतवण्यासाठी जातात, त्यानंतर ती स्थिर होते आणि नेम धरता येतो. चिखलात प्लेट प्रत्येक फायरला खाली जाते आणि एका बाजूला कलते, बबल लेव्हलमधला बुडबुडा दर वेळी सरकलेला दिसतो, आणि बॉम्ब कारण नसताना एकाच दिशेला वाहत जायला लागले की समजायचं प्लेट कललीय. मग तिला उपसून खाली लाकूड, फांद्या, वाळूच्या पिशव्या घालतात. खडकावर उलटं होतं, प्लेटला रुतायला काही मिळत नाही, ती उड्या मारते आणि सरकते, तिथेही वाळूच्या पिशव्यांचीच गादी लागते. गोठलेल्या कडक जमिनीत तर प्लेट तडकूसुद्धा शकते.

डोंगराळ भागासाठी मग मॉर्टरच बेस्ट ना?

पायवाटेनं न्यायची असेल, मारा दोन-चार किलोमीटरचा असेल आणि शत्रू पुढच्याच घळीत असेल तर हो. तिचा अजून एक मोठा फायदा की ती स्वतः खोल नाल्यात बसून मारू शकते, तिच्यासमोर उभी भिंत असली तरी बॉम्ब वरून जातो, त्यामुळे ती समोरून दिसतच नाही.

पण चार किलोच्या बॉम्बनं दगडी बंकर फुटत नाही. आणि डोंगरात दोन किलोमीटर पुढे जाणं म्हणजे कधीकधी दोन दिवसांची चढण, त्यात प्रत्येक बॉम्ब माणसाच्या पाठीवर. म्हणून डोंगरासाठी सुटी होणारी हॉवित्झर निघाली. इटलीची १९५६ ची १०५ मिमी पॅक हॉवित्झर बारा भागांत सुटी होऊन खेचरांवर लादता यायची, वर नेऊन जोडायची आणि नळी ६५ अंशांपर्यंत उचलायची. पल्ला साधारण साडेदहा किलोमीटर, म्हणजे मोठ्या तोफांपेक्षा कमी, पण मोठी तोफ तिथवर पोचतच नाही तेव्हा तिच्या पल्ल्याचा काय उपयोग.

डोंगराच्या समोरच्या अंगावर शत्रू असेल तर?

इथे लोकांचा अंदाज चुकतो. डोंगर म्हटलं की उंच कमान असं डोक्यात बसलेलं असतं, पण आपल्याकडे तोंड करून असलेल्या उतारावर सपाट मारा जास्त अचूक पडतो.

कारण असं की सपाट येणाऱ्या गोळ्याचं अंतर मैदानात पुढे-मागे खूप चुकतं, बाजूला कमी. गोळे लांबट पट्ट्यात पडतात. पण समोर उभा उतार आला की तो पट्टा दुमडल्यासारखा होतो, जो गोळा शंभर मीटर पुढे गेला असता तो तेवढं पुढे जाऊच शकत नाही, डोंगर त्याला आधीच अडवतो, थोडा वर लागतो एवढंच. मागच्या उतारावर याच्या उलट, जमीन गोळ्यापासून दूर पळत असते म्हणून तोच पट्टा आणखी ताणला जातो.

१९९९ च्या कारगिल युद्धात हे दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी दिसले. १५५ मिमीची बोफोर्स एफएच-७७बी ही हॉवित्झर, नळी ७० अंशांपर्यंत जाते, पण द्रासच्या बाजूला काही तोफा थेट समोर दिसणाऱ्या शिखरांवर डायरेक्ट फायरसाठी लावल्या होत्या, म्हणजे नळी सरळ बंकरकडे रोखून. ते करायला तोफ शत्रूला दिसेल अशा जागी आणावी लागते, धोका मोठा, पण दगडी बंकर असाच फुटतो. माथ्यामागच्या जागांवर मात्र उंच कमानीचाच मारा लागला, त्यात बोफोर्सबरोबर १०५ मिमी फील्ड गन आणि १२० मिमी मॉर्टरही होत्या. नाव फील्ड गन असलं तरी भारतीय १०५ ची नळी ७३ अंशांपर्यंत जाते, म्हणून नावावर जाऊ नका, कोन बघा.

आणि उंचीवर हवा विरळ. टायगर हिल ५,००० मीटरच्या वर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे गोळ्याला अडथळा कमी आणि तोच गोळा त्याच कोनाला लांब जातो. मैदानातलं टेबल तिथे तसंच वापरलं तर गोळे सगळे पुढे पडणार.

वाळवंट आणि सपाट मैदानात फील्ड गन का भारी पडते?

मैदानात लपायला धार नाही म्हणून उभ्या कमानीची गरजच कमी, आणि रणगाडा धावत असतो म्हणून अर्धा मिनिट हवेत राहणारा गोळा कामाचा नाही.

पण खरं कारण अंतराच्या अंदाजात आहे. रणगाडा समजा अडीच मीटर उंच. गोळा १ अंशाच्या कोनात उतरत असेल तर तो जवळजवळ १४० मीटर लांबपर्यंत रणगाड्याच्या उंचीच्या आतच असतो, म्हणजे तुमचा अंतराचा अंदाज शंभर मीटर चुकला तरी गोळा लागतो. हाच गोळा ६० अंशांनी येत असेल तर ही सूट दीड मीटरवर येते. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात १९४१-४२ मध्ये ब्रिटिशांची २५ पाउंडर तोफ याच जोरावर रणगाड्यांसमोर उभी केली गेली, खरं तर ती गन-हॉवित्झर, पण भरपूर दारू भरून नळी आडवी केली की फील्ड गनसारखी वागायची.

शहरात आणि जंगलात काय चालतं?

शहरातला हिशोब सोपा आहे. २० मीटर उंच इमारत, पलीकडे १५ मीटर रुंद रस्ता. रस्त्याच्या त्या टोकाला गोळा पडायला ५३ अंशांपेक्षा जास्त उभा यावा लागतो, आणि इमारतीच्या जवळ पाडायचा तर त्याहून उभा. म्हणजे मॉर्टर किंवा हाय अँगलवर लावलेली हॉवित्झर, लो अँगलचा गोळा छपरावर किंवा भिंतीवर फुटणार आणि तिथे कुणी राहत असेल तर त्याचं घर गेलं.

जंगलात मॉर्टरचा धोका वेगळाच. बॉम्ब बाहेर पडून वर जाताना फांदीला लागला तर तो स्वतःच्याच माणसांच्या डोक्यावर फुटू शकतो, म्हणून मॉर्टर लावायच्या आधी माणूस नळीच्या रेषेत झोपून वर बघतो, आभाळ मोकळं दिसतंय का, नसेल तर फांद्या तोडायच्या नाहीतर जागा बदलायची.

उंच कमानीचे तोटे काय? नाहीतर सगळ्यांनी तशाच तोफा केल्या असत्या.

वेळ हा पहिला. वरच्या उदाहरणात फील्ड गनचा गोळा १२ सेकंद हवेत होता, हॉवित्झरचा ५७. तेवढ्या वेळात माणूस आडोशाला जातो, गाडी वळण घेते. शिवाय चार किलोमीटर वर वारा खालच्यापेक्षा वेगळा असतो, तिथली माहिती जुनी असेल तर गोळा शंभर मीटरपर्यंत सहज सरकतो. आणि शत्रूकडे तोफशोधक रडार असेल तर वर चढून बराच वेळ आभाळात राहिलेला गोळा त्याला आयताच दिसतो, त्यावरून तो तुमची जागा काढतो.

अजून एक चूक नवख्यांकडून हमखास होते. हाय अँगलमध्ये नळी वर केली की गोळा जवळ पडतो, खाली केली की लांब जातो. लो अँगलची सवय झालेला माणूस गोळा मागे पडला म्हणून नळी वर करतो आणि पुढचा गोळा आणखी मागे, म्हणजे आपल्याच पुढच्या फळीकडे येतो. दुरुस्ती केल्यावर गोळा उलट्या बाजूला गेला तर पुढचा फायर थांबवून आधी हे तपासायचं.

मॉर्टर ८५ अंशांपर्यंत उभी करतात, हॉवित्झर ७० च्या आसपास का थांबते?

हॉवित्झरच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, गोळा भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो आणि त्या फिरण्यामुळे नाक पुढे ठेवतो. पण भोवरा आपली दिशा सोडायला तयार नसतो. खूप उभा मारला तर कमानीच्या टोकाला गोळ्याला नाक वरून खाली वळवायचं असतं, तिथे हवाही विरळ आणि वेगही कमी, त्यामुळे तो वळतच नाही आणि बुडावर खाली यायला लागतो. मग कुठे पडेल आणि फ्यूज चालेल का, कशाचाच भरवसा नाही. मॉर्टरचा बॉम्ब सहसा फिरत नाही, त्याला शेपटीला पंख असतात, बॅडमिंटनच्या फुलासारखा तो कितीही वर गेला तरी आपोआप डोकं खाली करतो.

गोळा कोणत्या कोनात पडला यानं स्फोटात फरक पडतो का?

खूप पडतो. गोळा फुटला की किरचा मुख्यतः त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना उडतात, पुढे-मागे कमी. गोळा उभा पडला तर त्या चारी बाजूंना जमिनीलगत पसरतात. सपाट आला तर डावी-उजवीकडे दोन पंख होतात, उरलेल्या अर्ध्या किरचा मातीत आणि अर्ध्या आभाळात. म्हणून मॉर्टरचा बॉम्ब लहान असूनही मोकळ्यावरच्या माणसांना इतका घातक ठरतो. कडक जमिनीवर फार सपाट आलेला गोळा फुटायच्या आधी टप्पा घेऊन उडू शकतो, आणि मऊ बर्फात किंवा दलदलीत उभा पडलेला बॉम्ब आत घुसून फुटतो, अर्धी ताकद तिथेच जाते.

आजकाल फील्ड गन का दिसत नाहीत?

कारण हॉवित्झरनं तिचं काम घेतलं. नळ्या लांब झाल्या, आज १५५ मिमीची नळी तोंडाच्या रुंदीच्या ५२ पट लांब म्हणजे आठ मीटरच्या वर, तिच्यातून गोळा जुन्या फील्ड गनपेक्षा जास्त वेगात जातो, आणि दारूचे ठोकळे कमी केले की तीच तोफ हाय अँगलवर. शेवटच्या मोठ्या फील्ड गनपैकी सोव्हिएत १३० मिमी एम-४६ घ्या, ९३० मीटर प्रति सेकंद वेग, २७ किलोमीटरच्या वर पल्ला, पण नळी ४५ अंशांवर थांबते, हाय अँगल नाहीच.

मॉर्टर मात्र टिकली, कारण माणसाच्या पाठीवर नेता येणारी हॉवित्झर अजून कुणाला करता आलेली नाही.

फोटो बघून कोणती तोफ ते कसं ओळखायचं?

नळीच्या लांबीला तोंडाच्या रुंदीनं भागा. जुनी १०५ ची हॉवित्झर २२ पट, फ्रेंच ७५ ही ३६ पट. पण आजच्या तोफांत हे पुरत नाही, कारण हॉवित्झर स्वतःच ३९ आणि ५२ पट लांब झाल्यात. तेव्हा गाडा बघा: मागचे पाय दोन बाजूंना फाकलेले असतील, मधे मोकळी जागा असेल, नळीचं मागचं टोक जमिनीपासून चांगलं वर असेल किंवा खाली खड्डा खणलेला असेल, तर ती नळी उंच उचलायची तोफ आहे, समोर कुठेतरी डोंगर असणार.